केरॅटिन करणाऱ्या छोट्या सलूनसाठी: एक्झॉस्ट, प्युरिफायर की धूर ओढणारा पाइप? मॅट की स्टूल?

समजा गाळा दहा बाय पंधरा फुटांचा आहे, उंची नऊ फूट. पुढे काचेचं दार, आत दीड टनाचा स्प्लिट एसी, दोन खुर्च्या, एक हेअर वॉश बेसिन आणि तीन माणसं कामाला. आठवड्यातून तीन-चार केरॅटिन किंवा स्मूदनिंग होतात. मालकाला हवेसाठी आणि स्टाफच्या पाय-पाठीसाठी काही करायचंय, पण सगळं एकदम घेणं परवडत नाही.

आधी धोका कुठे आहे ते पाहू. केसांना लावलेल्या द्रावणावरून दोनशे अंशांच्या वर तापलेलं स्ट्रेटनर फिरतं, तेव्हा पांढरा धूर उठतो आणि त्यात फॉर्मॅल्डिहाइड असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा वायू कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला आहे. डब्यावर ‘फॉर्मॅल्डिहाइड-फ्री’ छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. घटकांच्या यादीत मेथिलीन ग्लायकॉल, फॉर्मॅलिन किंवा ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असेल, तर उष्णतेने तोच वायू बाहेर पडू शकतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं ही पहिली खूण. वास मात्र फसवा असतो, कारण थोड्या वेळात नाक सरावतं.

हवा: तीन पर्याय

स्प्लिट एसी हा यातला पर्यायच नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. दार बंद, एसी चालू आणि केरॅटिन सुरू, ही सर्वांत वाईट स्थिती.

एअर प्युरिफायर घ्यायला सोपा, भिंत फोडावी लागत नाही, म्हणून त्याकडे ओढा असतो. पण त्यातला हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. सोबतची कार्बनची जाळी बहुधा पातळ असते, आणि साधा कार्बन फॉर्मॅल्डिहाइड नीट धरून ठेवत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटने प्रक्रिया केलेलं माध्यम लागतं आणि ते वेळोवेळी बदलावं लागतं. या कामासाठी आम्ही प्युरिफायर सुचवत नाही. ब्लीच पावडरची धूळ किंवा कापलेल्या केसांचे बारीक कण यांच्यासाठी त्याचा काही उपयोग आहे, पण तो वेगळा प्रश्न.

एक्झॉस्ट फॅन स्वस्त आहे आणि नीट बसवला तर खरंच काम करतो. नऊ इंची फॅन मिनिटाला साधारण 300 घनफूट हवा ओढतो असं धरू (खोक्यावर हा आकडा तासाला 510 घनमीटर असा दिसेल). आपला गाळा 1,350 घनफुटांचा, म्हणजे कागदावर तासाला तेरा वेळा हवा बदलते. प्रत्यक्षात ते होत नाही, कारण आत यायला हवेला वाट नसते. 300 घनफूट हवा आरामात आत यायची तर निदान एक चौरस फुटाची मोकळी जाळी लागते. काचेच्या दाराखालची अर्ध्या इंचाची फट जेमतेम त्याच्या आठव्या हिश्शाची. मग फॅन आवाज करत फिरतो आणि हवा जागची हलत नाही. दार उघडताना आतल्या बाजूला ओढ जाणवली तर हेच होतंय असं समजा.

दुसरी चूक जागेची. जाळी आणि फॅन शेजारी-शेजारी असले तर ताजी हवा आत येते आणि तशीच बाहेर जाते, खुर्चीपर्यंत पोचतच नाही. जाळी दाराजवळ खाली आणि फॅन मागच्या भिंतीवर वर असावा, म्हणजे हवेची वाट खुर्च्यांवरून जाईल. तपासायला खुर्चीपाशी उदबत्ती धरा. धूर फॅनकडे वाहायला हवा. तो जागीच घुटमळला किंवा तुमच्या तोंडाकडे आला, तर फॅनची किंवा जाळीची जागा चुकली आहे.

एसीवर भार पडतो, हे मान्य करायला हवं. बाहेर 35 अंश आणि आत 26 असताना एवढी हवा गार करायला जवळपास अर्धा टन लागतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यापूर्वीच्या दमट हवेत हा आकडा एक टनाच्याही पुढे जातो. म्हणून रेग्युलेटर बसवा. केमिकलच्या कामात फॅन पूर्ण वेगात, एरवी मंद.

तिसरा पर्याय धूर उठतो तिथूनच ओढण्याचा. लवचीक पाइपच्या टोकाला नरसाळं, मागे सहा इंची इनलाइन फॅन आणि पाइपचं दुसरं टोक इमारतीबाहेर. जिन्यात किंवा शेजारच्या खिडकीखाली नको. यात सगळा खेळ अंतराचा आहे. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं दूर गेलं की ओढ दहाव्या हिश्शावर येते. सहा इंची पाइप दोन फुटांवर टांगला तर तो शोभेचाच. नरसाळं केसांपासून सहा-आठ इंचांवर, कारागिराच्या समोरच्या बाजूला आणि थोडं वर हवं, म्हणजे धूर त्याच्या नाकापासून दूर ओढला जाईल. आठवड्याला तीन-चार केरॅटिन होत असतील तर हा खर्च रास्त आहे. महिन्याला एखादंच असेल तर एक्झॉस्ट आणि जाळी पुरे. पण पाइप असला तरी जाळी हवीच, कारण बाहेर गेलेल्या हवेची जागा कुणीतरी भरली पाहिजे.

एन-95 मास्क या वायूला अडवत नाही. पर्सल्फेट असलेल्या ब्लीच पावडरची धूळ मात्र तो अडवतो. या धुळीने दमा होऊ शकतो, म्हणून पावडर मिसळताना तो लावावा.

शरीर: मॅट की स्टूल

केरॅटिनला तीन-चार तास लागतात आणि ते बहुधा उभ्यानेच होतं. उभं राहिल्याने पायांतलं रक्त वर चढायला त्रास होतो, घोट्यांना सूज येते आणि पुढे शिरा फुगतात. पाऊण इंची मॅटने टाच आणि कंबरेवरचा ताण कमी होतो, पण माणूस उभाच राहतो. शिवाय मॅट खरबरीत असली तर केस अडकतात आणि कडा उतरत्या नसल्या तर पाय अडखळतो.

एकच वस्तू घ्यायची तर आम्ही घोड्याच्या खोगिरासारख्या बैठकीचं स्टूल घेऊ. त्यावर गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात, पाठ ताठ राहते आणि ग्राहकाभोवती फिरता येतं. चाकं मोठी, निदान तीन इंची घ्या. लहान चाकांच्या आसात केस गुंडाळले जाऊन ती जाम होतात.

हवेचा आणि बैठकीचा संबंध इथे येतो. गरम धूर सरळ वर जातो. उभ्या कारागिराचा चेहरा नेमका त्या वाटेत असतो. स्टूलवर बसला की नाक केसांच्या पातळीला येतं आणि धूर बाजूने वर निघून जातो. मात्र ग्राहकाची खुर्ची तेव्हा पंप करून खाली घ्यावी लागते, नाहीतर हात खांद्याच्या वर उचलून काम करावं लागतं आणि मान-खांदे धरतात. कोपर शरीरापासून फार उचलावं लागत नाही, ती उंची योग्य. ज्या खुर्चीचा हायड्रॉलिक पंप हळूहळू आपोआप खाली बसतो, तो आधी दुरुस्त करा.

केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्या गाळ्यात त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

वेळापत्रक

दोन केरॅटिन पाठोपाठ घेऊ नका. जाळीसह एक्झॉस्ट प्रत्यक्षात तासाला सहा वेळा हवा बदलत असेल, तर स्ट्रेटनर थांबल्यावर धुराचं प्रमाण वीसाव्या हिश्शावर यायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढा वेळ फॅन पूर्ण वेगात ठेवा, पुढच्या ग्राहकाला तोवर बसवू नका आणि स्टाफला डबा खायला बाहेर पाठवा.