मिठाच्या कणकेचे लटकन की एअर-ड्राय क्ले? नाशिकचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये केलेले लटकन ऑक्टोबरात डब्यातून काढले आणि मगच हे लिहायला घेतलं. उन्हाळ्यात तर सगळेच टिकतात. नाशिकची मार्च-एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की कच्चं कामसुद्धा पक्कं वाटतं. खरी परीक्षा जूननंतर.

कणीक नेहमीचीच: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण पाऊण वाटी पाणी. पाणी थोडं थोडं घालून दहा मिनिटं चांगली मळली. जाडं मीठ घेऊ नका, त्याचे खडे पृष्ठभागावर खळगे पाडतात. सहा मिलिमीटर जाड लाटून सात सेंटिमीटरच्या गोल कटरने कापलं आणि स्ट्रॉने भोकं पाडली. भोक काठापासून निदान एक सेंटिमीटर आत हवं, नाहीतर पुढे दोरा तिथूनच कणीक कापतो.

वाळवणं हाच या कामाचा गाभा. ओटीजी १०० अंशांवर ठेवून साधारण तीन तास, मध्ये उलटवत. तापमान वाढवलं की मधोमध फुगवटा येतो आणि काठ तांबूस होतात. पण ‘तीन तास’ या आकड्यावर विसंबू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. ओला गोल साधारण ३४ ग्रॅमचा होता, वाळल्यावर २५ च्या आसपास आला. तासाभराच्या अंतराने दोनदा वजन केलं आणि ते तेवढंच भरलं, तर आत पाणी उरलेलं नाही. काटा नसेल तर गार झालेला तुकडा गालाला लावा. खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा तो थंड लागला तर अजून ओल आहे. आत ओल असताना वरून वार्निश मारलं की ती कोंडते, मग रंगाला फोड येतात.

सीलिंगचे मी मुद्दाम चार गट केले होते. काहींना नुसता पांढरा गोंद, काहींना पाण्यातलं अॅक्रिलिक वार्निश, काहींना शालीमार भागातल्या हार्डवेअर दुकानातून आणलेलं लाकडाचं तेलकट पारदर्शक वार्निश. चौथ्या गटालाही हेच वार्निश, पण फक्त पुढच्या बाजूने.

जुलैत फरक दिसायला लागला. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. पावसाळ्यात मीठदाणीतलं मीठ भिजतं ते याचमुळे. लटकनात तर कोरड्या मापाचा एक तृतीयांश भाग मीठच. गोंदवाले चिकट झाले आणि त्यांना गुंडाळलेला कागद सुटेना. एकतर्फी वार्निशवाल्यांची पाठ दमट झाली, कडेने रंग उचलला गेला. पाण्यातल्या वार्निशचे तुकडे टणक राहिले, पण वर पांढुरकी मिठाची पावडर आली. पहिला हात जाड बसला असेल तर त्यातलं पाणीच वरचं मीठ विरघळवतं आणि ते सुकताना बाहेर येतं. तेलकट वार्निशचे दोन पातळ हात, पुढे, मागे, कडेला आणि भोकाच्या आतसुद्धा, दिलेले तुकडे मात्र जसेच्या तसे. भोकासाठी सगळ्यात बारीक ब्रश लागतो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या आणि गॅलरीत करा, वास फार. पांढरा रंग किंचित पिवळट होतो, ते चालवून घ्यावं लागतं.

परदेशी पाककृतींमध्ये ‘गोंद लावला की झालं’ असं सर्रास लिहिलेलं असतं. तिथे नाताळात खोल्या तापवलेल्या आणि कोरड्या असतात, त्यामुळे चालत असावं. आपल्याकडे हा सल्ला घेऊ नये.

एअर-ड्राय क्लेचे लटकन वेगळ्या कारणाने त्रास देतात. त्यात मीठ नाही, म्हणून पावसाळ्यात अॅक्रिलिक वार्निशवरसुद्धा ते ठणठणीत राहिले. पण वाळताना आकसतात, भोकही लहान होतं, म्हणून जाड स्ट्रॉ घ्या. सरळ उन्हात ठेवले तर वरची बाजू आधी सुकून काठ वर वळतात. सावलीत, जाळीवर, पहिल्या दिवशी दोन-तीनदा उलटून वाळवले की सपाट राहतात. चांदणीची टोकं मात्र पडली की तुटतात. बारीक टोकांचे आकार क्लेत टाळा, गोल आणि पान करा.

साठवताना स्टीलच्या डब्यात, प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून सिलिका जेलची पाकिटं टाकली. बबल रॅप नको, त्याच्या गोळ्यांचे ठसे वार्निशवर उमटतात. घरात कुत्रा असेल तर मिठाच्या कणकेचे लटकन त्याच्या तोंडाला पोहोचणार नाहीत इतके उंच लावा. एवढं मीठ पोटात गेलं तर जिवावर बेततं.

दमट झालेले तुकडे टाकले नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात ठेवले, पण गोंदाचा थर असेपर्यंत वजन उतरेना. थर पॉलिश पेपरने घासून काढल्यावरच उतरायला लागलं. पूर्ण वाळल्यावर पुन्हा रंगवून, आता चारही बाजूंनी तेलकट वार्निश.