वडिलांचा फ्लॅट विकला आणि कराचे जवळपास तेरा लाख मधल्यामध्ये गेले

मी एकोणीस वर्षं टोरांटोत आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रानुसार पुण्यातला फ्लॅट माझ्या नावावर झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवड्यांची रजा काढून मी तो विकला. किंमत ठरली ९० लाख. या व्यवहारात माझी फसवणूक झाली. बाबांच्या किंवा आईच्या माघारी घर विकून पैसे परदेशी न्यायचा विचार जे करताहेत, त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

नात्यातल्या एकाने एका सल्लागाराचं नाव सुचवलं. माणूस गोड बोलणारा. पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त सह्या करा, खरेदीखतापासून कॅनडात पैसे पोचेपर्यंत सगळं माझ्याकडे." माझं पॅन आयकराच्या पोर्टलवर जोडायचं निमित्त करून त्याने लॉगिनचा पासवर्ड घेतला आणि प्रोफाइलमध्ये स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकला. मला ते तेव्हा सोयीचं वाटलं. पोर्टलवरून येणारा एकही ओटीपी किंवा सूचना माझ्यापर्यंत येणार नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापून भागत नाही. तो नियम निवासी माणसाच्या घराला. आमच्या व्यवहाराच्या वेळी दीर्घकालीन नफ्यावरचा दर साडेबारा टक्के होता, त्यावर अधिभार आणि उपकर धरून १४.३ टक्के. कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढलेलं नसेल, तर खरेदीदार नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो. म्हणजे आमचे १२ लाख ८७ हजार. ते प्रमाणपत्र मागायचा अर्ज तेव्हा फॉर्म १३ मधून करायचे. आम्हाला त्याबद्दल कोणी सांगितलंच नाही.

हा कर भरायला तेव्हा खरेदीदाराकडे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याला आयकर खात्याकडून मिळणारा क्रमांक, लागायचा. खरेदी करणारं जोडपं साधं, दोघंही नोकरदार, टॅन हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. सल्लागार म्हणाला, "टॅन मिळायला दोन-तीन महिने जातात, तोवर ताई परत गेलेल्या असतील. कराची रक्कम माझ्या फर्मच्या खात्यात द्या, आमच्याकडून चलन भरतो." १२ डिसेंबरला खरेदीखत झालं. माझ्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यात, ७७ लाख १३ हजार आले आणि कराचे पैसे त्याच्या फर्मकडे गेले. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही त्यात खटकलं नाही. खरेदीदाराला वाटलं मी ओळखते, मला वाटलं नातेवाईक ओळखतात.

२० डिसेंबरला फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र, माझ्या ईमेलवर आला. छान छापलेला, शिक्का, सही. मी तो फाईलला लावून विमानात बसले.

फेब्रुवारीत पैसे पाठवायचा विषय निघाला तेव्हा सल्लागाराने रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचं पत्र दाखवलं आणि "मंजुरी शुल्क" म्हणून एक लाख ऐंशी हजार मागितले. इथे मात्र मी थांबले. ज्या बँकेत खातं आहे तिथल्या अनिवासी विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की वारसाहक्काच्या मालमत्तेचे पैसे एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बँकच पाठवते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही, मग शुल्काचा प्रश्नच नाही. बँकेला लागणार होतं ते मृत्युपत्र, खरेदीखत, चार्टर्ड अकाउंटंटने दिलेलं कराबद्दलचं प्रमाणपत्र १५सीबी आणि आपण आयकराच्या पोर्टलवर भरायचा फॉर्म १५सीए.

मग मैत्रिणीच्या चार्टर्ड अकाउंटंटना गाठलं. त्यांनी आधी पोर्टलचा पासवर्ड बदलायला लावला, मोबाईल नंबर माझा करायला लावला आणि व्हिडिओ कॉलवर २६एएस उघडून दाखवला. त्या तक्त्यात माझ्या नावे कापलेल्या प्रत्येक कराची नोंद दिसायला हवी. आमच्या १२ लाख ८७ हजारांची ओळच नव्हती. मी पान दोनदा पुन्हा उघडायला लावलं.

त्यांनी मग तो फॉर्म १६ए मागितला आणि मिनिटभरात बाजूला ठेवला. त्यांनी दाखवलेल्या दोन गोष्टी मी कधी विसरणार नाही. टॅनच्या रकान्यात पाच अक्षरं, चार अंक आणि शेवटी एक अक्षर असा क्रमांक होता. ती रचना पॅनची. टॅनमध्ये आधी चार अक्षरं येतात, मग पाच अंक, मग एक अक्षर. दुसरी गोष्ट तारखेची. खरा १६ए कर कापल्यावर लगेच मिळत नाही. डिसेंबरच्या तिमाहीत कापलेल्या कराचं २७क्यू विवरणपत्र खरेदीदार भरायचा, त्याची मुदत ३१ जानेवारी असायची, आणि त्यानंतर ट्रेसेस या पोर्टलवरून ते प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. इथे खरेदीदाराकडे टॅनच नव्हता, आणि माझ्या हातात मात्र आठव्या दिवशी प्रमाणपत्र होतं.

"कर जमा झालेला दिसत नाही तोवर मी १५सीबीवर सही करणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या क्षणी मला राग आला होता. आज त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते खरेदीदाराला फोन करताना. कायद्याने कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी त्यांची आणि त्यांनी पैसे भलत्याच खात्यात दिले होते. पण तो माणूस त्यांच्या दारात माझ्यामुळे आला होता. त्यामुळे रक्कम पुन्हा भरायची ठरल्यावर मी निम्मा भार उचलला. उशिरा भरल्याचं व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिना अर्धवट असला तरी पूर्ण धरतात. डिसेंबर ते मार्च असे चार महिने झाले. त्याचेच ७७ हजार २२० रुपये. विवरणपत्र उशिरा भरल्याचं शुल्क वेगळं.

आम्ही दोघांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. फर्मच्या खात्यात गेलेल्या रकमेचा बँक तपशील आणि तो बनावट १६ए जोडला आहे. सल्लागाराचा फोन बंद आहे, पैसे परत आलेले नाहीत.

मार्चमध्ये कर खऱ्या चलनाने भरला, विवरणपत्र गेलं आणि काही आठवड्यांनी २६एएसमध्ये ती ओळ दिसली. १५सीबी त्यानंतरच झाला. त्यावर यूडीआयएन नावाचा क्रमांक असतो. तो चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि मी तो स्वतः तपासला. बँकेने उरलेले पैसे त्या आठवड्यात टोरांटोला पाठवले. माझा प्रत्यक्ष कर कापलेल्यापेक्षा कमी निघाला. १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत अकरा लाख धरली तर नफा ७९ लाख होतो आणि कर सुमारे ११ लाख ३० हजार. वरचे दीडेक लाख रिटर्न भरून परत मागितले आहेत.

खरेदीदाराने टॅनसाठी स्वतः ऑनलाइन अर्ज केला होता. शुल्क शंभर रुपयांच्या आत. "ताई, आला टॅन," असा त्यांचा मेसेज आला तेव्हा अर्ज करून फक्त सहा दिवस झाले होते.