तीन बाथरूम म्हणून 3000 लिटरची टाकी गळ्यात मारली

टाकी आणि मोटर घ्यायला गेल्यावर दुकानदाराने आधी "बाथरूम किती?" विचारलं तर सावध व्हा, पाणी माणसं वापरतात, बाथरूम नाही. आमच्या नाशिकच्या रो-हाऊसला बाथरूम तीन, माणसं पाच. त्याने कागदावर एका बाथरूमला 1000 लिटर धरले, गुणिले तीन केलं आणि "साहेब, उन्हाळ्यात मला शिव्या द्याल" म्हणत 3000 लिटरची टाकी आणि दीड एचपीची मोटर गळ्यात मारली.

सिव्हिलवाल्या भाच्याने नंतर घरात बादली घेऊन मोजलं. अंघोळीला माणशी दीड बादली म्हणजे 30 लिटर, पाच जणांचे 150. फ्लश 6 लिटरचा, माणशी दिवसाला पाचेक वेळा, म्हणजे अजून 150. हात-तोंड आणि बाथरूम धुणं माणशी 15 धरलं तर 75. वॉशिंग मशीन बाथरूममध्येच आहे, टॉप लोड, ते 120 खातं. झाले 495. मुलगी शॉवर घेते, त्याच्याखाली बादली धरली तर मिनिटाला 9 लिटर पडलं, म्हणजे दहा मिनिटांत 90, तिच्या बादलीपेक्षा 60 जास्त. तरी सगळं मिळून 560च्या आत! किचनचे 100-150 धरले तरी 1000ची टाकी पुरते, नळाला एक दिवस खाडा धरला तर 1500ची. आणि 3000 लिटर म्हणजे स्लॅबवर तीन टन वजन, ते तर त्याने काढलंच नाही.

मोटरची गंमत वेगळीच. आमच्या खालच्या हौदात सकाळी 700 लिटर पाणी येतं, मोटर ते पाव तासात उपसते आणि कोणी बंद केली नाही तर कोरडी फिरते, त्यात सील जळालं आणि शाफ्टजवळून पाणी टपकायला लागलं. वॉरंटी? "ड्राय रन त्यात बसत नाही." हौदापासून टाकी 9 मीटर वर, पाइप आणि बेंडचे धरून 12 मीटर. मिनिटाला 20 लिटर वर चढलं तरी दिवसाचं पाणी अर्ध्या-पाऊण तासात भरतं, त्याला अर्धा एचपी बस्स. खोक्यावर मोठ्या अक्षरात हेड लिहिलेलं असतं ना, त्या उंचीला पाणी नुसतं पोचतं, बाहेर थेंब पडत नाही, म्हणून आपल्या उंचीला मिनिटाला किती लिटर येतं तो चार्ट मागायचा.

सील बदलताना दीड एचपीचा चिकटवलेला स्टिकर मेकॅनिकने नखाने उचकटला तर खाली कंपनीच्या पत्र्यावर 0.75 किलोवॅट, म्हणजे चक्क एक एचपी. पैसे मात्र दीडचे घेतलेले! टाकीला होल पाडलेत म्हणून ती परत घेणार नाही, असं दुकानदार म्हणाला, पत्र्याचा फोटो आणि बिल शेजारी-शेजारी ठेवल्यावर मोटरचा फरक तेवढा मुकाट्याने काढून दिला.