नऊ महिने घरचं हेअर रिमूव्हल मशीन वापरल्यावर: पोटरी, घोटा आणि नागपूरचं ऊन

सगळे याला 'घरचं लेझर' म्हणतात, पण घरी वापरायची बहुतेक मशीनं लेझर नसतात. ती आयपीएल असतात, म्हणजे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा जोरदार प्रकाश सोडणारी. मी गेल्या नोव्हेंबरमध्ये असंच एक घेतलं. माझा रंग गव्हाळ, केस काळे आणि जाड. मशीनसोबत त्वचेच्या रंगाचा सहा चौकोनांचा तक्ता आला होता. पाचव्या चौकोनापर्यंत वापरता येतं, सहाव्याला मनाई. मी स्वतःला चौथ्यात बसवलं आणि तिथेच चुकले, कारण माणसाच्या अंगाला एकच रंग नसतो.

हा प्रकाश केसातल्या मेलॅनिनवर, म्हणजे केसाला काळा रंग देणाऱ्या द्रव्यावर काम करतो. काळा रंग प्रकाश शोषतो, केस तापतो आणि ती उष्णता मुळापर्यंत जाते. पण तेच मेलॅनिन त्वचेतही असतं, आणि मशीनला त्यातला फरक कळत नाही. म्हणून गोऱ्या त्वचेवर काळा केस सर्वात सोपा. त्वचा जितकी सावळी, तितकी जास्त उष्णता वरच्या थरातच अडकते. पांढऱ्या केसांत मेलॅनिनच नसतं, त्यामुळे त्यांच्यावर काहीच होत नाही.

पहिल्या दोन वेळा मी प्रकाशाचा जोर तीन नंबरवर ठेवला. आदल्या रात्री रेझर फिरवायचा आणि दर पंधरा दिवसांनी एकदा मशीन लावायचं. वॅक्सिंग आणि एपिलेटर पूर्ण बंद, कारण मुळातून केस उपटला की प्रकाशाला पकडायला काही उरतच नाही. पोटऱ्यांवर नुसती ऊब जाणवायची. तिसऱ्या वेळी, डिसेंबरमध्ये, हिंमत करून पाच नंबर लावला आणि पोटरीवरून सरळ घोट्यापर्यंत आले. मांडी घालून बसून बसून माझ्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी काळवंडलेली आहे. तिथे फ्लॅश पडताच गरम सुई टोचल्यासारखं झालं. रात्री तिथे लालसर चौकोन उमटला, अगदी मशीनच्या काचेच्या मापाचा. दोन दिवसांनी तो तपकिरी झाला आणि पुसट व्हायला एप्रिल उजाडला. माझ्या मशीनचा सेन्सर फक्त सुरुवातीला त्वचा तपासतो, प्रत्येक फ्लॅशला नाही, हे मी माहितीपत्रकात नंतर वाचलं. सावळ्या त्वचेसाठी घ्यायचं असेल तर प्रत्येक फ्लॅशआधी तपासणारंच घ्या. आता मी प्रत्येक नव्या जागी आधी एकच फ्लॅश मारून दोन दिवस थांबते. गुडघे आणि घोटे सोडूनच देते.

हातांची गोष्ट वेगळी. स्कूटीवर स्कार्फ बांधला, सनकोट घातला, तरी मनगटाचा भाग उघडा राहतोच. मार्चमध्ये मनगटावर मशीन धरलं तर लाल दिवा लागला, फ्लॅश सुटलाच नाही. तोच हात कोपराच्या वर व्यवस्थित चालला. टॅन उतरायला काही आठवडे जातात आणि नागपुरात एप्रिल ते जून तो उतरतच नाही. त्यामुळे ते तीन महिने मी मशीन कपाटात ठेवलं.

नणंदेला उत्साहाने दिलं, तर तिला पायावरही लाल दिवा. "वहिनी, हे तर लालच दाखवून राहिलं," म्हणत तिने परत केलं. काही जणी अशा वेळी उजळ जागेवर सेन्सर लावून मशीनला फसवतात. तसं करू नका, भाजण्याचा सरळ रस्ता आहे तो. तिला धरमपेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी एनडी-याग लेझर सुचवलं. त्याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर असते, ती त्वचेतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकते आणि खोल जाते. असं मशीन घरी वापरायला मिळत नाही, ते क्लिनिकमध्येच.

हनुवटीच्या केसांबद्दल डॉक्टरांनी मलाही थांबवलं. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः पीसीओएस असताना, अशा प्रकाशाने कधीकधी बारीक लव उलट जाड आणि काळी होते. आपल्याकडच्या त्वचेत हे जास्त दिसतं, म्हणाल्या. मला पीसीओएस आहे. तिथे मी अजून थ्रेडिंगच करते.

आता फरक किती पडला? तीळ खुणेला धरून पोटरीवरच्या एका चौकोनातले केस मी मोजत होते. सुरुवातीला ६२ होते. सहा वेळा केल्यावर फेब्रुवारीत २४ राहिले, तेही बारीक. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जुलैत ३७ भरले. म्हणजे केस कमी होतात, कायमचे जात नाहीत, आणि खंड पडला की परत येऊ लागतात. काखेत सर्वात छान फरक आहे. तिथे ऊन लागत नाही आणि केस जाड, त्यामुळे आता तीन आठवड्यांनी एकदा रेझर पुरतो, पूर्वी दर चार दिवसांनी लागायचा.

जुलैपासून पोटऱ्या आणि काख महिन्यातून एकदा, तीन नंबरवर, पुन्हा सुरू केलंय. मनगटांची पाळी दिवाळीनंतर, दिवा पांढरा लागला तर.