ठिबकच्या दुकानातली तयार उत्तरं: जुनं चॅट, क्विक रिप्लाय की एस्पान्सो?

आंबे बहार धरायचे दिवस आले की अंबड-घनसावंगी भागातल्या ठिबकच्या दुकानांत दिवसभर एकच प्रश्न येत राहतो, “मोसंबीला ठिबक बसवायचंय, किती लागेल?” उत्तराचा सत्तर टक्के भाग दरवेळी तोच असतो. उरलेल्या तीस टक्क्यांत त्या माणसाचं शेत असतं, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच वाचतं. म्हणून तयार मजकूर कुठे साठवायचा हे ठरवताना टायपिंग किती वाचतं एवढंच बघू नका. रिकामी जागा भरायची राहिली तर ती पाठवण्याआधी डोळ्याला दिसेल का, हे आधी बघा.

बहुतेक जण करतात तीच पद्धत मी तीन वर्षं वापरली. जुन्या गिऱ्हाइकाच्या चॅटमधलं कोटेशन कॉपी करायचं, नाव बदलायचं, पाठवायचं. पैसे लागत नाहीत, शिकायचं काही नाही. पण नाव बदललं की काम झालं असं मनाला वाटतं आणि मधल्या ओळीतलं गाव, एकर, झाडांमधलं अंतर तसंच निघून जातं. एका शेतकऱ्याचा फोन आला, “भाऊ, माझं शेत परतूरला आहे, तुम्ही घनसावंगी लिहिलंय. दर तरी माझाच लावला ना?” गावाचं नाव दुरुस्त करता आलं. पण आकड्यांवरचा त्याचा विश्वास गेला तो गेलाच. जुन्या चॅटमधली चूक पूर्ण आणि बरोबर वाक्यासारखीच दिसते, म्हणून ती सापडत नाही. ही पद्धत सोडाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाइलच्या कीबोर्डमधली वैयक्तिक डिक्शनरी लहान तुकड्यांपुरती चांगली. दुकानाचा पत्ता किंवा यूपीआय आयडी यासाठी दोन अक्षरांचा शॉर्टकट ठेवा. चार ओळींचं कोटेशन तिथे मांडता येत नाही. जीबोर्डच्या क्लिपबोर्डवर मजकूर ठेवणाऱ्यांनी तो पिन करावा, नाहीतर तासाभराने तो जातो.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये बिझनेस टूल्सखाली क्विक रिप्लाय असतात. मजकूर साठवून त्याला शॉर्टकट द्यायचा. चॅटमध्ये `/` टाइप केलं की यादी उघडते. पन्नासपर्यंत ठेवता येतात, पण माझ्याकडे सहाच आहेत. पन्नास ठेवले तर शोधण्यातच वेळ जातो. निवडलेला मजकूर लगेच जात नाही, आधी लिहायच्या चौकटीत येतो आणि तिथे बदलता येतो. अडचण अशी की नाव किंवा गाव आपोआप भरायची सोय त्यात नाही. रिकामी जागा आपणच खुणेने ठेवायची. मी `####` वापरतो. अंडरस्कोर किंवा ताऱ्याची खूण टाळा, कारण व्हॉट्सॲप त्यांनी अक्षरं तिरकी किंवा ठळक करतं.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. चौकटीत मोजक्याच ओळी दिसतात आणि मजकूर आला की कर्सर शेवटी असतो. रिकाम्या जागा वरच्या ओळींत असतील तर त्या नजरेआड जातात. म्हणून सगळ्या `####` शेवटच्या तीन ओळींत आणा. माझं `/chk` असं आहे: “नमस्कार, ठिबकचा अंदाज देण्यासाठी एवढं कळवा: पीक, दोन ओळींतलं आणि दोन झाडांतलं अंतर, एकर, विहीर की बोअर, मोटर किती एचपीची, पाण्यापासून शेत किती लांब. #### गावच्या तुमच्या शेतासाठी त्यावरून हिशोब करतो.” यात एकच जागा भरायची आहे, म्हणून ती चुकत नाही.

कोटेशनमध्ये जागा सात-आठ होतात आणि तिथे क्विक रिप्लाय अपुरा पडतो. काउंटरवर कॉम्प्युटर असेल आणि व्हॉट्सॲप वेब चालत असेल तर एस्पान्सो हा तयार मजकूर टाकून देणारा प्रोग्राम बघा. तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. त्याच्या `base.yml` फाइलमध्ये एवढं लिहायचं, `matches:` ही ओळ तिथे आधीच असेल तर ती पुन्हा टाकू नका:

```yaml
matches:
  - trigger: ":dar"
    force_mode: clipboard
    form: |
      नमस्कार [[nav]],
      [[gav]] येथील [[ekar]] एकर [[pik]]: एकूण ₹[[rakkam]]
      यात जीएसटी [[gst]]% धरला आहे.
```

`:dar` टाइप केलं की लहान फॉर्म उघडतो, रकाने भरले की मजकूर तयार. मागच्या गिऱ्हाइकाचं काही शिल्लकच नसतं. `force_mode` ची ओळ मात्र विसरू नका. ती नसली तर मजकूर कधी एकेक कळ दाबल्यासारखा टाइप होतो आणि ओळ बदलताना एंटर लागून अर्धाच मेसेज निघून जातो. गिऱ्हाइकाला नुसतं “नमस्कार” गेलं तर कारण हेच समजा.

जीएसटीचा रकाना मी मुद्दाम ठेवलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. माझ्या साठवलेल्या मजकुरात १२ पक्का लिहिलेला होता आणि तशी दोन कोटेशनं गेली. ६०,००० च्या मालावर ७,२०० लागले, लागायला हवे होते ३,०००. बदलू शकणारा कुठलाही आकडा, म्हणजे दर, कर, मुदतीची तारीख, साठवलेल्या मजकुरात ठेवू नका. त्याची जागा रिकामीच ठेवा.

आता एक पूर्ण उदाहरण. दोन एकर मोसंबी, १८ बाय १८ फूट. एकरी १३४ झाडं, म्हणजे २६८. ओळीला दोन नळ्या धरल्या तर १६ एमएमची लॅटरल साधारण २,९५० मीटर. झाडाला चार ड्रीपर, एकूण १,०७२. चार लिटरचे ड्रीपर असतील तर तासाला ४,२८८ लिटर पाणी लागतं. चौकशीत शेतकरी म्हणाला होता, “उन्हाळ्यात बोअर लई बारीक चालतं.” म्हणून एक-एक एकराचे दोन भाग करून दोन व्हॉल्व्ह दिले, एका वेळी २,१४४ लिटर पुरतं, फक्त मोटर दुप्पट वेळ चालवावी लागते. माल आणि दराच्या ओळी फॉर्ममधून आल्या. बोअर आणि व्हॉल्व्हचं वाक्य मी हाताने लिहिलं, कारण ते कुठल्याच तयार मजकुरात बसत नाही.

फॉलोअपला तर मी सुरुवात आणि शेवट एवढंच साठवतो, मधली ओळ कायम रिकामी. “काय ठरलं?” असा मेसेज दहा जणांना पाठवला की बहुतेक जण गप्प बसतात. त्याच शेतकऱ्याला आठ दिवसांनी मी लिहिलं, “काका, महाडीबीटीवर पूर्वसंमती आली का? ती येण्याआधी माल घेऊ नका, अनुदान अडकेल. दोन व्हॉल्व्हचा आराखडा तयार आहे.” अर्ध्या तासात त्यांनी अर्जाचा फोटो पाठवला.

दुकान मोबाइलवरच चालत असेल तर सहा क्विक रिप्लाय करा आणि कोटेशन वहीत मांडून मग लिहा. काउंटरवर मुलगा कॉम्प्युटरवर बसत असेल आणि दिवसाला पाच-सात कोटेशनं जात असतील तर एस्पान्सो घ्या, पण चौकशीची उत्तरं तरीही मोबाइलच्या `/chk` वरच ठेवा. शेतकऱ्याचा पहिला मेसेज बऱ्याचदा रात्री नऊनंतर येतो, तेव्हा दुकान बंद असतं.