सर्व्हर रूम २० अंशांवर की २४ वर? आणि इशारा नेमका कुठे लावायचा?

एक-दोन रॅकची सर्व्हर रूम सांभाळणाऱ्या बहुतेकांचा एसी १८ किंवा २० वर असतो. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एसी बंद पडलाच तर तेवढाच वेळ मिळेल." हा हिशेब खरा किती, ते आधी बघू, कारण २० की २४ हे ठरवताना सगळी गंमत तिथेच आहे.

यंत्रांचं म्हणणं काय, ते आधी. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेने सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी सुचवलेला पट्टा १८ ते २७ अंश सेल्सिअस आहे. तिच्याच वर्गवारीतल्या ए२ वर्गातली यंत्रं ३५ पर्यंत चालवण्याची मुभा आहे, पण तो रोजच्या वापराचा आकडा नव्हे. म्हणजे २० आणि २४ हे दोन्ही आकडे पट्ट्याच्या आत आहेत. २४ वर सर्व्हर 'तापतो' हा समज आहे, दुसरं काही नाही. २७ च्या पुढे मात्र सर्व्हरचे पंखे जोर धरतात, जास्त वीज खातात आणि खोलीत आणखी उष्णता टाकतात.

आता एक खोली धरू: १२ बाय १० फूट, उंची १० फूट, आत ४ किलोवॅटचा भार. या खोलीत हवा साधारण ४० किलो. सगळी उष्णता फक्त हवेलाच मिळाली असती तर दर दहा सेकंदांना एक अंश वाढ झाली असती. प्रत्यक्षात भिंती, रॅकचं लोखंड, फरशी बरीच उष्णता पितात, त्यामुळे वेग कितीतरी कमी होतो. मिनिटाला एक अंश धरू, हिशेबाला सोपं. आणि ३२ ही आपली थांबायची रेषा, जिथे बिनमहत्त्वाचे सर्व्हर बंद करायला सुरुवात करायची.

२० वर असलेली खोली ३२ ला पोचायला १२ मिनिटं, २४ वर असलेली ८. फरक चार मिनिटांचा. एसीवाला दुरुस्तीला यायला लागणाऱ्या वेळेपुढे चार मिनिटं म्हणजे काहीच नाही. त्यातही गोम अशी: दोन्ही खोल्यांत इशारा २७ वर लावला असेल, तर थंड खोलीत तो सातव्या मिनिटाला वाजतो, दुसरीत तिसऱ्या. इशाऱ्यानंतर ३२ पर्यंत हातात उरतात पाच मिनिटं, दोन्हीकडे सारखीच. थंडाव्याने कमावलेली चार मिनिटं तुम्हाला कळायच्या आतच संपलेली असतात.

हळू बिघाडात तर २० चा तोटा आणखी वाढतो. गॅस थोडाथोडा गळतोय, बाहेरच्या युनिटवर धूळ बसलीय, आणि २० वरची खोली तीन आठवड्यांत २४ वर आली. २७ चा इशारा गप्प बसेल, कारण त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. एसीची ताकद मात्र गेलेली असते, आणि ते कळतं थेट मे महिन्याच्या दुपारी.

विजेचंही आहे. सेटिंग एक अंश वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा बीईईचा घरगुती एसीबद्दलचा ठोकताळा आहे. सर्व्हर रूमला तो जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, दिशा मात्र तीच. शिवाय १८ वर दिवसरात्र पळणाऱ्या स्प्लिट एसीचा फिल्टर तुंबला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि मग थंडावा द्यायच्या ऐवजी तो हवेची वाटच अडवतो.

माझा कल म्हणून २४ कडे आहे, एका अटीवर: तापमान रॅकच्या समोर, हवा आत शिरते तिथे मोजायचं. एसीचं रिमोट किंवा भिंतीवरचा तापमापक सांगतो तो आकडा एसीच्या मनातला. रॅकच्या वरच्या तिसऱ्या भागात एक सेन्सर आणि खाली एक असा जोड ठेवा. वरचा चढतोय आणि खालचा जागच्या जागी आहे, तर एसी बिघडलेला नाही. मागची गरम हवा वरून फिरून पुढे येतेय. रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनेल लावून ते थांबतं. बहुतेक सर्व्हरमध्ये हवेच्या प्रवेशाचा सेन्सर असतोच, तोही वाचता येतो:

```
ipmitool sdr type Temperature
```

आता इशारा. ठरावीक आकडा की चढण्याचा वेग? इथे मी 'की' म्हणणार नाही, दोन्ही हवेत. पण आधी उठवायला वेग. पूर्वीच्या उदाहरणात 'दहा मिनिटांत दोन अंशांहून जास्त वाढ' असा नियम असता, तर २४ च्या खोलीत २६ ओलांडताच तो वाजला असता आणि जवळपास सहा मिनिटं हाती असती. प्रोमिथियस या देखरेखीच्या साधनात तो असा, मेट्रिकचं नाव तुमच्या मांडणीप्रमाणे:

```
delta(inlet_temp_celsius[10m]) > 2
```

लावण्याआधी आठवड्याचा आलेख बघा. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना तापमान करवतीच्या दात्यांसारखं वरखाली होतं. तुमच्याकडे तो हेलकावाच दोन अंशांचा असेल, तर मर्यादा तीन करा; नाहीतर रोज रात्री फोन वाजेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही तो म्यूट कराल. ठरावीक आकडे मी २४ च्या खोलीत असे ठेवतो: २७ ला संदेश, ३० ला फोन, ३२ ला बिनमहत्त्वाचे सर्व्हर आपोआप बंद, ३५ ला उरलेले सगळे. सर्व्हरचा स्वतःचा इशारा बहुधा याहून वर असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. हळू बिघाडासाठी तिसरा नियम: आजची दुपार आणि गेल्या आठवड्यातली तीच दुपार, यांत दीड अंशाहून फरक पडला तर सकाळी बघायला सांगणारी साधी मेल.

वाढीचा आकारही बरंच सांगतो. एकदम सरळ चढ म्हणजे वीज किंवा कॉम्प्रेसर. आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण तर फारच साधं असतं: वीज जाते, सर्व्हर यूपीएसवर चालू राहतात, वीज परत येते, आणि एसी कुणीतरी रिमोट दाबावं म्हणून वाट बघत बसतो. एसी घेताना ऑटो रिस्टार्ट आहे का, हे टनाच्याही आधी विचारा. फक्त दुपारीच चढ असेल, तर बाहेरचं युनिट उन्हात किंवा कोंडलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात आहे. तापमान जेमतेम हललंय, पण आर्द्रता वर चाललीय, तर कॉम्प्रेसर थांबला असून आतला पंखा तेवढा फिरतोय, असं समजा. कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातंय. कोकणात आणि गोव्यात हे पावसाळ्यात फार लवकर दिसतं.

दोन एसी आहेत म्हणून निर्धास्त असाल तर दोघांची बाहेरची युनिट्स एकाच तापलेल्या भिंतीवर नाहीत ना, बघून घ्या. १९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये पारा ४० वर गेला, तेव्हा लंडनमधल्या गूगल क्लाउडच्या डेटा सेंटरमध्ये एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेल्या शीतयंत्रणाच एकदम बंद पडल्या आणि यंत्रांना वाचवण्यासाठी काही भाग बंद करावा लागला.

सगळं लावून झालं की एकदा रात्री, बॅकअप झालेला असताना, एसी स्वतः बंद करा आणि घड्याळ लावून बसा. तुमच्या खोलीचा खरा वेग तेव्हाच कळेल, माझा मिनिटाला एक अंश तिथे कदाचित अर्धा निघेल, कदाचित दीड. इशारा ज्या राउटरवरून जातो तो यूपीएसवर आहे की नाही, हेही त्याच रात्री वीज तोडून बघून घ्या.