घाटात पळणाऱ्या भावाला कुठलं घड्याळ आणि मावशीला कुठलं?

माझा मावसभाऊ साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरायचा, एकूण २१ किमी. त्याला घड्याळ हवंय आणि त्याच वेळी मावशीसाठी पण एक घ्यायचंय. दोघांना एकच मॉडेल घेऊन टाकू म्हणत होता, मी म्हटलं थांब जरा, तुमच्या दोघांच्या गरजाच वेगळ्या आहेत.

समोर तीन पर्याय होते. शाओमी स्मार्ट बँड ९ सारखा बँड, गार्मिन फोररनर ५५ सारखं रनिंग वॉच, आणि ॲपल वॉचसारखं पूर्ण स्मार्टवॉच.

भावासाठी खरा प्रश्न जीपीएसचा आहे. त्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नाही, तो फोनचं वापरतो, म्हणजे पावसात घाटात फोन पाऊचमध्ये घालून पळायचं. फोन घरी ठेवला तर बँड पावलं मोजून अंतराचा अंदाज लावतो आणि चढावर इथेच घोळ होतो, कारण चढताना पाऊल आखूड पडतं. समजा सपाटीवर तुमचं पाऊल १ मीटरचं आहे आणि चढावर ८० सेंमीचं झालं, तर ५००० पावलांना बँड ५ किमी दाखवेल पण तुम्ही धावला असाल ४ किमीच. मग पेस, म्हणजे एका किमीला लागलेला वेळ, तो पण खोटा. दुकानदार "जीपीएस आहे" म्हणाला तरी बॉक्सवर 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलंय का ते आधी बघा, तसं असेल तर ते फोनचंच. खात्री करायची असेल तर फोन घरी ठेवून ४०० मीटरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या मारा, २ किमीच्या आसपास आलं आणि ॲपमध्ये मार्गाचा नकाशा उमटला तर जीपीएस घड्याळातच आहे.

आता बॅटरी. फोररनर ५५ ला कंपनी सांगते साध्या वापरात २ आठवडे आणि जीपीएस चालू असताना २० तास. भाऊ आठवड्याला साधारण ५ तास पळतो, म्हणजे २० पैकी ५, पाव बॅटरी तिथे गेली, आणि सात दिवसांच्या साध्या वापरात अर्धी. एकूण पाऊण. म्हणजे आठवड्यातून एकदा चार्ज केलं की झालं, तेही कंपनीचे आकडे खरे धरून, म्हणून मी त्याला सहा दिवसच धर म्हटलं. अल्ट्रा मॉडेल सोडलं तर ॲपल वॉचला कंपनीच १८ ते २४ तास म्हणते, त्यामुळे ते रोज चार्जिंगला लागणार, आणि झोप पण मोजायची असेल तर संध्याकाळी आंघोळ जेवण होईपर्यंत चार्जरवर ठेवायची सवय लावावी लागते. ऑफिसचे कॉल, मेसेज मनगटावर हवे असतील तर ते चांगलंच आहे, पण भावाला ते नकोयत.

हार्ट रेटचं एक सांगतो, कारण यात लोक फसतात. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची हालचाल बघतो, आणि पळताना हात हलतो तेव्हा कधीकधी तो ठोक्यांऐवजी पावलांची लयच धरून बसतो. निवांत पळताय, बोलता येतंय, तरी घड्याळ १७० दाखवतंय आणि तुमची पावलंही मिनिटाला १७० च्या आसपास पडतायत, तर समजा हाच प्रकार आहे. थांबून लगेच मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि जरा घट्ट बांधला की बराच फरक पडतो. तरी नाही जमलं तर छातीचा पट्टा घ्यावा लागतो, तो फोररनरला जोडता येतो, सगळ्या बँडना येत नाही.

मावशीचं वेगळं. ती सकाळी ४० मिनिटं चालते, घराजवळच, आणि चार्जिंग विसरते हे घरात सगळ्यांना माहितीये. तिला जीपीएसचा काहीच उपयोग नाही. स्मार्ट बँड ९ ला साध्या वापरात २१ दिवस सांगतात, पण स्क्रीन सतत चालू ठेवली की तेच ९ दिवसांवर येतं, म्हणून ते बंद ठेवायचं, रात्रभर ऑक्सिजन मोजणंही बंद.

फक्त तिला बीपी दाखवणारं घड्याळ हवं होतं, त्याला मी सरळ नाही म्हटलं. नुसत्या प्रकाशाच्या सेन्सरवर बीपीचा आकडा दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळावर गोळी कमीजास्त करणं धोक्याचं आहे. सॅमसंगच्या घड्याळात बीपीची सोय आहे पण तिथेही दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, मग मशीन लागतंच ना. साखरेचं तर त्याहून वाईट, सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला मंजुरी दिलेली नाही असं अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

डॉक्टरांनी ठोके अनियमित आहेत म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं असतं तर ईसीजीवालं घड्याळ घेतलं असतं, ३० सेकंद बोट ठेवून नोंद होते आणि ती डॉक्टरांना दाखवता येते. पण हार्ट अटॅक त्यात कळत नाही, छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसायचं नाही. मावशीला तसा त्रास नाहीये.

तर भावाला फोररनर, मावशीला बँड, आणि उरलेल्या पैशातून दंडाला बांधायचं बीपी मशीन, असं ठरलंय.